टेन्साइल डेटावरून K आणि n काढले, पण ०.१५ प्लॅस्टिक स्ट्रेनला स्ट्रेस कमी येतोय

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे. १ मिमी सीआर शीटचे टेस्टचे आकडे एक्सेलमध्ये टाकून पॉवर ट्रेंडलाइन काढली. K = ३८७, n = ०.१४८, R² = ०.९७ आलं. त्यावरून ०.१५ प्लॅस्टिक स्ट्रेनला २९२ एमपीए येतात. साहेब म्हणतात कमी आहेत. चुकतंय कुठे? स्ट्रेन: ०.०२, ०.०५, ०.१०, ०.१५, ०.२०. स्ट्रेस: २१२, २५४, २८१, २९२, २९७. रिपोर्टवर यील्ड १६८, कमाल २९९, तीही २४.५ टक्के लांबीवाढीला.

उत्तर:

साहेबांचं बरोबर आहे भाऊ. खरा आकडा ३४२ एमपीएच्या आसपास आहे. ट्रेंडलाइन तुम्ही नीटच काढलीत, पण तिला दिलेले दोन्ही कॉलम इंजिनिअरिंगचे आहेत. σ = K·εⁿ हे समीकरण ट्रू स्ट्रेस आणि ट्रू प्लॅस्टिक स्ट्रेनसाठी आहे.

मशीन स्ट्रेस काढताना लोडला पट्टीच्या सुरुवातीच्या क्षेत्रफळाने भागतं. पण पट्टी १५ टक्के लांबली की तिचा छेद तेवढ्या पटीत बारीक होतो, कारण प्लॅस्टिक बदलात आकारमान कायम राहतं. म्हणजे त्या क्षणी लोड पेलणारं क्षेत्रफळ मूळच्या १/१.१५ एवढंच उरलेलं असतं, आणि धातूवरचा स्ट्रेस २९२ नसून २९२ × १.१५ म्हणजे ३३६ असतो. जसजसं ताणत जाल तसतसा हा फरक वाढतो. म्हणून तुमचा कर्व्ह वरच्या टोकाला दाबला गेला आणि n घसरला.

स्ट्रेनचंही तसंच. आधी ट्रू स्ट्रेन काढायचा आणि त्यातून लवचिक भाग, म्हणजे ट्रू स्ट्रेस भागिले E, वजा करायचा. स्टीलला E २,००,००० एमपीए धरा. एक्सेलमध्ये A कॉलमला इंजिनिअरिंग स्ट्रेन आणि B ला इंजिनिअरिंग स्ट्रेस असेल तर:

```
C2: =B2*(1+A2)
D2: =LN(1+A2)-C2/200000
```

तुमच्या आकड्यांवर C कॉलम २१६.२, २६६.७, ३०९.१, ३३५.८, ३५६.४ असा येतो आणि D कॉलम ०.०१८७, ०.०४७५, ०.०९३८, ०.१३८१, ०.१८०५ असा. आता आडव्या अक्षावर D, उभ्यावर C घ्या आणि तीच पॉवर ट्रेंडलाइन टाका. K = ५२०, n = ०.२२० येईल. मग ५२० × ०.१५^०.२२ = ३४२ एमपीए. तुमच्या आधीच्या उत्तरापेक्षा हे ५० एमपीएने जास्त आहे. २९२ धरून प्रेसचं टनेज काढलं असतं, तर स्ट्रेसच्या बाजूने हिशोब सुमारे १५ टक्के कमी पडला असता.

R² ने तुम्हाला सावध का केलं नाही? कारण चढत जाणाऱ्या जवळपास कुठल्याही गुळगुळीत कर्व्हला लॉग-लॉगवर ०.९५ च्या वर R² सहज मिळतो. दुरुस्त डेटाला ०.९९९९ येतं, पण आकडा शेजारी नसेल तर ०.९७ सुद्धा छानच दिसतं. मी R² पेक्षा दुसऱ्या तपासणीवर भरवसा ठेवतो. या समीकरणानुसार लोड कमाल होतो तेव्हाचा ट्रू स्ट्रेन n एवढा असतो. तिथून पुढे छेद बारीक होण्याचा वेग धातू कडक होण्याच्या वेगावर मात करतो आणि नेकिंग सुरू होतं. n = ०.१४८ खरा असता तर कमाल स्ट्रेस १६ टक्के लांबीवाढीला आला असता. तुमच्याच आकड्यांत मात्र १५ टक्क्यांना २९२ आणि २० टक्क्यांना २९७ आहे, म्हणजे स्ट्रेस अजून चढतोय. n = ०.२२ वरून २४.६ टक्के येतात आणि रिपोर्ट २४.५ म्हणतो. हा मेळ बसला की मला पुरेसं वाटतं.

फिटसाठी पॉइंट कुठून कुठपर्यंत घ्यायचे, हेही बघा. वरची हद्द कमाल लोडची. त्यानंतर पट्टी एकाच ठिकाणी बारीक होते, तिथे १+e ने गुणणं खोटं ठरतं आणि ते पॉइंट वरचं टोक खाली ओढतात. खाली यील्डच्या जवळचे पॉइंट सोडा. तिथे प्लॅस्टिक स्ट्रेन शून्य किंवा ऋण निघाला तर लॉग निघत नाही आणि एक्सेल पॉवरचा पर्यायच देत नाही. शिवाय यील्डजवळ हे समीकरण मुळातच लंगडं आहे. ०.००२ टाकून बघा, १३२ एमपीए येतात आणि रिपोर्टवर यील्ड १६८ आहे. म्हणून यील्ड नेहमी रिपोर्टमधूनच घ्या.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: स्ट्रेन एक्स्टेन्सोमीटरने मोजला की क्रॉसहेडच्या सरकण्यावरून? फाइलमधला सुरुवातीचा सरळ भाग घेऊन त्याचा उतार काढा. तो २,००,००० च्या आसपास असेल तर एक्स्टेन्सोमीटरच आहे. २०,००० वगैरे आला तर मशीनचं आणि जबड्यांचं ताणणंही स्ट्रेनमध्ये मिसळलेलं आहे. त्या उताराने हिशोब केला तर २ टक्क्यांच्या पॉइंटमधला जवळपास निम्मा स्ट्रेन पट्टीचा नसून मशीनचा निघतो. मग D2 मध्ये २,००,००० ऐवजी तुमच्याच फाइलचा उतार टाका, बरंचसं सुधारतं. पट्टी जबड्यात घसरली असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, टेस्ट पुन्हा करावी लागते. २०,००० आला तर मी तरी लॅबकडे एक्स्टेन्सोमीटरची फाइलच मागेन.

टेस्ट मे महिन्यात झाली असेल तर रिपोर्टवर लॅबचं तापमान लिहिलंय का तेही पाहा. आयएस १६०८ मध्ये वेगळं सांगितलं नसेल तर १० ते ३५ अंशांत टेस्ट करायची असते, आणि एसी नसलेल्या खोलीत आपल्याकडचा उन्हाळा ही मर्यादा सकाळीच ओलांडतो. त्याने या शीटचा आकडा फार हलणार नाही, पण ग्राहकाचा इन्स्पेक्टर बोट ठेवू शकतो.

शेवटचं त्या ०.१५ बद्दल. तो तुम्ही जॉबवर ग्रिड मारून मोजलेला १५ टक्के असेल, तर समीकरणात ln(१.१५) म्हणजे ०.१४ टाका, ३३७ येतील. ड्रॉइंगमध्ये शीट एकाच दिशेने ताणली जात नाही, तेव्हा दोन्ही दिशांचे स्ट्रेन घेऊन समतुल्य प्लॅस्टिक स्ट्रेन काढायचा आणि तो टाकायचा. हा आकडा ०.२२ च्या आत असेल तोवर तुम्ही मोजलेल्या कर्व्हवर उभे आहात. पंचाच्या कोपऱ्यात ०.५ निघाला तर समीकरण ४४६ एमपीए देईल खरं, पण तिथे तुमच्याकडे एकही मोजलेला पॉइंट नाही. व्होसचं समीकरण याच पाच पॉइंटांवर छान बसवता येईल, पण त्यात स्ट्रेस वर जाऊन सपाट होतो, म्हणून ०.५ ला ते बरंच कमी देईल. अशा जागेसाठी बल्ज टेस्ट करून घ्या, तिच्यात नेकिंगच्या बरंच पुढपर्यंत मोजता येतं.