चोरीला गेलेल्या मालावरचे क्रेडिट आता परत करावे की विम्याचा निकाल लागेपर्यंत थांबावे?

"उदगीरला माझे विजेच्या साहित्याचे दुकान आहे. मागच्या महिन्यात गोदाम फोडून 2,40,000 रुपयांची तांब्याची वायर चोरीला गेली. तिच्यावरच्या 43,200 रुपये जीएसटीचे क्रेडिट मी आधीच घेतले आहे. सर्व्हेअर म्हणतो, क्रेडिट घेतले म्हणून टॅक्सची भरपाई मिळणार नाही. माल सापडलाही तर? शिवाय दिवाळीत वायरमन लोकांना 2,000 चे 20 मिक्सर वाटले आणि वायरच्या बंडलासोबत टेप फुकट देतो. कशाकशाचे क्रेडिट परत करू, आणि आत्ताच करू का?"

माझा सल्ला असा की वायरीचे 43,200 रुपयांचे क्रेडिट याच महिन्यात भरायच्या विवरणपत्रात परत करावे आणि त्याचा पुरावा दाव्याचा निकाल लागण्याआधी सर्व्हेअरच्या हाती द्यावा. सीजीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(h) नुसार हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या, वहीतून कमी केलेल्या किंवा भेट अथवा मोफत नमुना म्हणून दिलेल्या मालावर क्रेडिट मिळत नाही, आणि विमा मिळाला की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही.

सर्व्हेअरचे म्हणणे त्याच्या जागी बरोबर आहे, कारण जो टॅक्स तुम्ही क्रेडिटच्या रूपाने वसूल केला, तो तुमचा तोटा ठरत नाही. क्रेडिट परत केले की मात्र तोटा 2,83,200 रुपयांचा होतो. वरवर पाहता 2,40,000 भरपाई अधिक हातातले 43,200 क्रेडिट आणि 2,83,200 भरपाई यांची बेरीज सारखीच येते. पण पहिल्या मार्गातले क्रेडिट तपासणीत काढून घेतले जाईल तेव्हा दावा मिटलेला असेल आणि टॅक्स, व्याज व दंड तुमच्याच खिशातून जातील. पॉलिसीतली विमा रक्कम टॅक्ससह धरली होती की टॅक्स वगळून, हे मात्र आधी पाहा. ती अपुरी असेल तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाऊ शकते.

हा आकडा GSTR-3B च्या 4(B)(1) या रकान्यात जातो. पुष्कळ जण तो 4(B)(2) मध्ये टाकतात, पण तो रकाना पुढे पुन्हा घेता येणाऱ्या क्रेडिटसाठी आहे. माल महाराष्ट्रातून घेतला असेल तर सीजीएसटी 21,600 आणि एसजीएसटी 21,600 अशी विभागणी करा. गुजरात किंवा राजस्थानातून आलेल्या बंडलांचा भाग आयजीएसटीत दाखवा. चोरीला गेलेली बंडले नेमक्या कोणत्या बिलांतली, हे सांगता येत नसेल, तर साठ्याच्या मूल्यांकनाची तुमची नेहमीची पद्धतच इथे लावा. एफआयआर, पंचनामा, साठा नोंदवही आणि दावा या चारही ठिकाणी नग व किंमत एकच असावी, कारण तपासणीत आणि दाव्यात वाद बहुधा याच तफावतीवरून उभा राहतो.

माल सापडण्याच्या आशेवर थांबू नये. तांबे वितळवून विकले जाते, म्हणून ती आशा मुळातच थोडी असते. आणि पुढे मुद्देमाल म्हणून काही बंडले परत मिळालीच, तर परत केलेले क्रेडिट पुन्हा घेण्याची स्पष्ट तरतूद कायद्यात नाही. हा धोका मान्य करूनही माझे मत बदलत नाही.

व्याजाचा प्रश्न वायरीपेक्षा मिक्सरचा आहे. वायर विकण्यासाठी घेतली होती, त्यामुळे तिचे क्रेडिट घेताना चूक नव्हती, आणि चोरी झालेल्या महिन्याच्याच विवरणपत्रात ते परत केल्यास व्याज लागू नये, असे मला वाटते. मिक्सर वाटण्यासाठीच घेतले असल्याने 40,000 रुपयांवरचे 7,200 रुपयांचे क्रेडिट पहिल्या दिवसापासून चुकीचे आहे. नियम 88B प्रमाणे, दरम्यान क्रेडिट लेजरमधली शिल्लक 7,200 च्या खाली कधीच गेली नसेल तर व्याज नाही. गेली असेल तर वापरलेल्या रकमेवर, वापराच्या तारखेपासून, वार्षिक 18 टक्के. पूर्ण रक्कम वापरली गेली असेल तर महिन्याला 108 रुपये होतात, म्हणून लेजर उतरवून तारीख पाहा आणि व्याज त्याच वेळी भरून टाका. हे 7,200 रुपये कोणी भरून देणार नाही. ते भेटीच्या खर्चात धरा.

टेपचे क्रेडिट परत करू नका. 7 मार्च 2019 च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे की 'एकावर एक मोफत' ही दोन वस्तूंची एका किमतीत झालेली विक्री असते आणि तिच्यावरचे क्रेडिट मिळते. मात्र बंडल व टेप एकाच बिलावर दिसले पाहिजेत. बिलाबाहेर, वायर न घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दिलेली टेप मिक्सरच्याच वर्गात जाते.