विधी आयोगाच्या अहवालाचा सारांश: शिफारस, कारण आणि कलम वेगळं कसं काढायचं?

प्रश्न: एलएलबीला आहे. भारतीय विधी आयोगाच्या १७४व्या अहवालाचा (हिंदू स्त्रियांचे मालमत्ता हक्क) सारांश शिफारशी, कारणं आणि कायद्यातले प्रस्तावित बदल अशा तीन भागांत मागितला आहे. सगळं एकमेकांत मिसळतंय. कुठून सुरुवात करू?

उत्तर:

शेवटून. मे २००० मधला हा अहवाल पहिल्या पानापासून वाचत नोट्स काढल्या तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाची माहिती, राज्यांचे कायदे आणि प्रश्नावलीला आलेली उत्तरं यांनीच वही भरते, आणि आयोगाचं स्वतःचं म्हणणं त्यात हरवतं. आधी निष्कर्ष व शिफारशींचं प्रकरण वाचा. लगेच त्यामागे जोडलेला विधेयकाचा मसुदा वाचा. मग प्रत्येक शिफारशीचं कारण शोधत मागे जा.

शिफारस ओळखायची ती क्रियापदावरून. ‘रेकमेंड’, ‘शुड बी डिलीटेड’, ‘शुड बी अमेंडेड’ अशी भाषा असेल तर ती शिफारस. ‘काही प्रतिसादकांचं मत होतं’ किंवा ‘अमुक राज्यात अशी तरतूद आहे’ ही शिफारस नव्हे, फार तर कारणाचा कच्चा माल. बहुतेक सारांश इथेच घसरतात: प्रतिसादकाचं मत आयोगाच्या नावावर चढतं. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे परिच्छेद क्रमांक लिहा. क्रमांक सापडत नसेल तर ते वाक्य बहुधा तुमचं आहे, अहवालाचं नाही.

आता एक नोंद पूर्ण करून दाखवतो. सगळ्यात छोटी, पण तिन्ही रकाने नीट दाखवणारी.

शिफारस: राहत्या घराच्या वाटणीबाबत स्त्री वारसावर असलेली बंदी उठवावी.

कारण: कलम २३ नुसार, घरात कुटुंबीय राहत असतील तर पुरुष वारस वाटणी करेपर्यंत स्त्री वारसाला वाटणी मागता येत नव्हती. मुलीला तिथे राहण्याचा हक्कही ती अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून विभक्त झालेली असेल तरच. मुलीला मुलाच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः वाटेकरी करायचं, तर तो हक्क नुसता कागदावर राहू नये, असं आयोगाचं म्हणणं.

प्रस्तावित बदल: हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६, कलम २३ वगळणे.

इथे कारणाचं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. ते ही शिफारस मुख्य शिफारशीला बांधतं. कलम २३ वर स्वतंत्र टीका म्हणून लिहिलंत तर अहवालाचा युक्तिवाद तुटतो. आणि तिसऱ्या रकान्यात ‘कायद्यात सुधारणा करावी’ असं मोघम लिहू नका. तिथे तीनच गोष्टी हव्यात: कोणता कायदा, कोणतं कलम, आणि कृती कोणती, म्हणजे वगळणं, नवीन घालणं की जुन्याच्या जागी दुसरा मजकूर ठेवणं. हे मसुद्यातूनच घ्या, प्रकरणाच्या गद्यातून नको. आणि मसुद्यात जोडीदार कलम नसलेली शिफारस सापडली तर तसं स्पष्ट नोंदवा, स्वतःहून कलम बनवू नका.

मुख्य शिफारशीकडे येऊ: मुलीला जन्मतः सहदायाद करा आणि उत्तरजीवित्वाने मालमत्ता जाण्याची, म्हणजे मृताचा हिस्सा वारसांऐवजी मागे राहिलेल्या सहदायादांकडे जाण्याची पद्धत बंद करा. ‘लिंगभेद होतो, संविधानाच्या अनुच्छेद १४ व १५ शी विसंगत’ हे कारण सगळेच लिहितात, आणि ते बरोबरही आहे. पण त्यातून फक्त बदल हवा एवढंच कळतं, हाच बदल का हे कळत नाही. आयोगासमोर दोन वाटा होत्या. केरळने १९७५ च्या कायद्याने जन्मतः हक्कच मोडीत काढून एकत्र कुटुंब पद्धत संपवली होती. आंध्र प्रदेश, तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी ती ठेवून मुलीला आत घेतलं होतं. नुसती केरळची वाट का पुरेशी नाही, हे आकड्यांत मांडलं की पटकन समजतं.

वडील, दोन मुलगे, एक मुलगी. आई हयात नाही, मृत्युपत्र नाही. केरळप्रमाणे कायदा लागू होण्याच्या दिवशी जे सहदायाद आहेत त्यांच्यातच हिस्से पाडले, तर वडील आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी १/३. मुलीला तेव्हा काहीच नाही. वडील वारल्यावर त्यांच्या १/३ चे तीन भाग, म्हणजे मुलीला १/९ आणि प्रत्येक मुलाला ४/९. १९५६ च्या मूळ कलम ६ खालीही तिला तेवढाच १/९ मिळत होता! मुलगी सहदायाद असेल तर आधी चौघांना प्रत्येकी १/४, मग वडिलांच्या १/४ चे तीन भाग, म्हणजे प्रत्येकी १/३. म्हणून आयोगाने दोन्ही पद्धतींचा मेळ घातला: आधी मुलीला सहदायाद करा, मग उत्तरजीवित्व बंद करा. हे गणित सारांशात वापरलंत तर ‘स्वतःचं उदाहरण’ असा शेरा मारा, कारण ते मी मांडलंय.

सर्वांत मोठा सापळा विवाहित मुलीचा. आजचा कायदा डोक्यात ठेवून विद्यार्थी लिहितात, ‘आयोगाने सर्व मुलींना हक्क द्यायची शिफारस केली.’ तसं नाही. सुधारणा लागू होण्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना आयोगाने वगळलं होतं. लागू झाल्यानंतर लग्न झालं तर हक्क कायम, कारण लग्नाआधीच ती सहदायाद झालेली असते. महाराष्ट्राच्या १९९४ च्या सुधारणेतही विवाहित मुलींबाबत अशीच मर्यादा होती. संसदेने २००५ चा कायदा (२००५ चा ३९) केला तेव्हा ती ठेवली नाही.

म्हणून तीन रकान्यांच्या बाजूला एक अरुंद चौथा ठेवा, ‘पुढे काय झालं’. मागितला नसला तरी कामाला येतो. कलम २३ समोर लिहा: २००५ मध्ये वगळलं. मुख्य शिफारशीसमोर: ९ सप्टेंबर २००५ पासून कलम ६ नव्याने, पण विवाहित मुलींचा अपवाद नाही. विनीता शर्मा वि. राकेश शर्मा (२०२०) हा निकालही इथेच. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, असं त्यात ठरलं. हा निकाल ‘कारण’ रकान्यात दिसला तर परीक्षक तिथेच थांबेल, कारण २००० च्या अहवालाला २०२० चा निकाल कारण कसा असेल?

लिहून झालं की फक्त तिसऱ्या रकान्यातली क्रियापदं तपासा. ‘वगळावे’, ‘घालावे’ हे ठीक. ‘वगळण्यात आले’ असं कुठे असेल तर ती ओळ चौथ्या रकान्यात हलवा.