कोडिंग राउंडमध्ये अडकल्यावर काय बोलायचं?

‘नमस्कार मॅडम, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी एकटी बसते तेव्हा बहुतेक प्रॉब्लेम सुटतात. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच समोरच्या इंजिनिअरबरोबर एकाच एडिटरमध्ये कोड लिहायचा राउंड झाला. वेळांचे स्लॉट एकत्र करायचा प्रश्न होता. मी गप्प लिहीत गेले. ते दोन-तीनदा “काय विचार चाललाय?” म्हणाले, मी “एक मिनिट” म्हणत राहिले. शेवटी उत्तर चुकीचं आलं आणि मी पूर्ण ब्लँक झाले. अशा राउंडमध्ये सतत बोलायचं असतं का? बोलले की माझा विचारच तुटतो. शंका किती विचाराव्यात? आणि हिंट घेतली की मार्क जातात का?’

सतत बोलायचं नसतं. हे आधी सांगते, कारण त्या भीतीपोटी अनेक मुलं टाइप करता करता प्रत्येक ओळ वाचून दाखवतात: ‘आता फॉर लूप लिहिते, आता इफ लिहिते.’ ते तर समोरच्याला स्क्रीनवर दिसतच असतं. जे दिसत नाही ते त्याला ऐकायचं असतं, म्हणजे तू काय ठरवलंस आणि का ठरवलंस. ‘आधी सुरुवातीच्या वेळेनुसार सॉर्ट करते, म्हणजे प्रत्येक नव्या स्लॉटची तुलना फक्त शेवटच्या स्लॉटशी करावी लागेल.’ एवढं एक वाक्य बोललीस, की पुढची पाच ओळी शांतपणे लिहायला तू मोकळी. लिहून झाल्यावर पुन्हा एक वाक्य: ‘हा भाग झाला, आता एक उदाहरण चालवून बघते.’ आधी बोल, मधे गप्प लिही, नंतर बोल. बोलताना विचार तुटतो ही तुझी अडचण खरी आहे आणि तिच्यावर हाच उपाय मला सर्वांत उपयोगी वाटतो. त्याहून लांब शांतता हवी असेल तर ती मागून घे: ‘मला दोन मिनिटं कागदावर विचार करायचाय, मग सांगते.’ मी स्वतः असे राउंड घेतले आहेत. मागून घेतलेल्या शांततेची मला कधी अडचण झाली नाही. न सांगता पसरलेल्या शांततेची व्हायची, कारण उमेदवार चुकीच्या वाटेवर गेलाय की बरोबर वाटेवर विचार करतोय, हे मला कळतच नसे. कळलं असतं तर दुसऱ्याच मिनिटाला थांबवता आलं असतं.

पेअर प्रोग्रॅमिंगमध्ये कीबोर्डवर असतो तो ड्रायव्हर आणि शेजारी बसून पुढचं बघतो तो नॅव्हिगेटर. या राउंडमध्ये ड्रायव्हर तू असतेस आणि समोरचा माणूस अर्धा परीक्षक, अर्धा नॅव्हिगेटर. ‘काय विचार चाललाय?’ हे त्यातल्या नॅव्हिगेटरचं वाक्य आहे. त्याला ‘एक मिनिट’ हे उत्तर दिलं की दार बंद होतं. अर्धवट का होईना, पण काहीतरी मजकूर दे: ‘दोन स्लॉट एकमेकांवर येतात हे कसं ओळखायचं, तिथे अडले आहे.’

आता शंकांकडे येते. त्यांचा आकडा ठरलेला नसतो, पण एक कसोटी आहे: उत्तर वेगळं आलं तर माझा कोड बदलेल का? बदलणार असेल तर विचार, नाहीतर सोडून दे. तुझ्याच प्रश्नावर ती लावून बघू. एक स्लॉट ९ ते ११ आणि दुसरा ११ ते १२ असेल, तर ते एकत्र धरायचे का? उत्तरावर कोडमध्ये `<=` येणार की `<`, हे ठरतं. यादी आधीच क्रमाने लावलेली आहे का? असेल तर सॉर्ट करायची गरजच नाही. मूळ यादीत बदल केला तर चालेल का? नसेल चालत तर नवी यादी बांधावी लागेल. रात्री १० ते १ असा मध्यरात्र ओलांडणारा स्लॉट येऊ शकतो का? येत असेल तर शेवट सुरुवातीपेक्षा लहान निघेल आणि पुढची सगळी तुलना कोलमडेल. हे चार प्रश्न तीन-चार मिनिटांत होतात आणि मिळालेली उत्तरं कोडच्या वर कॉमेंटमध्ये लिहून ठेवायची. ‘कुठल्या भाषेत लिहू?’ हेही विचारायला हरकत नाही, पण त्यावरून तुझ्या विचाराबद्दल काही कळत नाही. आणि ‘तुम्हीच ठरवा’ असं उत्तर आलं, तर एक बाजू निवडून मोठ्याने सांग: ‘मग टेकलेले स्लॉट मी एकत्र धरते.’

समज, उत्तरं अशी मिळाली: टेकलेले स्लॉट एकत्र धरायचे, यादी क्रमाने नाही, मूळ यादीला हात लावायचा नाही, मध्यरात्रीचा प्रश्न नाही. तेव्हा बहुतेक जण असं काहीतरी लिहितात:

```python
def merge(slots):
    result = []
    for start, end in sorted(slots):
        if result and start <= result[-1][1]:
            result[-1][1] = end
        else:
            result.append([start, end])
    return result
```

`[[9,11],[10,12],[14,15]]` दिलं की `[[9,12],[14,15]]` येतं. बरोबर. मग समोरचा म्हणतो, ‘आता `[[9,17],[10,11],[12,13]]` देऊन बघा.’ अपेक्षित उत्तर `[[9,17]]`, पण येतं `[[9,11],[12,13]]`. तू ब्लँक झालीस ती अशाच एखाद्या वळणावर असणार, म्हणून इथे जरा थांबते.

या क्षणी हात आपोआप कोडकडे जातात. `<=` चं `<` करून बघ, सॉर्ट बदलून बघ, सगळं पुसून नव्याने लिही. यातलं काहीच करू नकोस. कारण समजायच्या आधी केलेला बदल चुकून चालला तरी तो का चालला हे तुला सांगता येणार नाही, आणि समोरचा नेमकं तेच विचारेल. हात कीबोर्डवरून उचल आणि तीन गोष्टी बोल: काय खात्रीने माहीत आहे, काय जुळत नाही, आता काय तपासणार. ‘पहिल्या उदाहरणात उत्तर बरोबर आलं, म्हणजे एकमेकांवर आलेले साधे स्लॉट जुळतायत. दुसऱ्यात एकाऐवजी दोन स्लॉट आले. प्रत्येक फेरीनंतर `result` मध्ये काय आहे ते हाताने लिहून बघते.’ मग तिथेच एडिटरमध्ये लिही:

```
[9,17]  -> [[9,17]]
[10,11] -> [[9,11]]
[12,13] -> [[9,11],[12,13]]
```

दुसऱ्या ओळीवर नजर अडकते. पाच वाजेपर्यंत चालणारा स्लॉट अकरालाच कसा संपला? कारण आपण जुना शेवट न बघता त्यावर नवा शेवट ठेवून दिला. पहिल्या उदाहरणात नवा शेवट मोठा होता म्हणून चूक झाकली गेली. इथे एक स्लॉट दुसऱ्याच्या पूर्ण पोटात आहे. दोन्हींतला मोठा शेवट ठेवायला हवा:

```python
result[-1][1] = max(result[-1][1], end)
```

बदल एका ओळीचाच, पण त्यानंतर तीनदा चालवायचं: नवं उदाहरण, जुनं उदाहरण आणि रिकामी यादी. जुनं पुन्हा चालवणं घाईत राहून जातं, आणि दुरुस्तीने आधीचं काही मोडलं असेल तर ते तिथेच सापडतं.

तीन ओळींचा हा हातहिशेब मला फार मोलाचा वाटतो. डोकं रिकामं झालं तरी हाताला करण्याजोगं काम उरतं, आणि समोरच्याला तुझी शोधण्याची पद्धत डोळ्यांनी दिसते. अडकण्याची दुसरीही एक जात आहे: बग नाही, मुळात मार्गच सुचत नाही. तेव्हा बरोबर पण संथ उत्तर आधी मांड. या प्रश्नात: ‘प्रत्येक स्लॉट बाकी सगळ्यांशी ताडून बघायचा, एकमेकांवर आले तर जोडायचे, आणि काही बदलेनासं होईपर्यंत हेच करत राहायचं.’ हे सांगून झाल्यावर वेळ कुठे वाया जातो ते शोध. सगळ्यांशी ताडणं टाळता येईल का, या प्रश्नातूनच बरेचदा सॉर्ट सुचतो.

हिंटबद्दल सांगायचं तर निकष जागोजागी वेगळे असतात, पण हिंट घेतली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. ती न ऐकणं त्याहून जास्त महागात पडतं. समोरचा म्हणाला, ‘एक स्लॉट दुसऱ्याच्या आत असला तर?’ की टायपिंग थांबव, स्वतःच्या शब्दांत ते पुन्हा म्हण आणि लगेच त्याचं उदाहरण लिही. ‘हो हो’ म्हणत चालू ओळ पूर्ण करणारे उमेदवार मी खूप पाहिले, आणि तेवढ्यात हिंट निसटून गेलेली असायची. हिंट पटली नाही तर तेही सांग, पण उदाहरण देऊन. आणि हिंट मागायची वेळ आलीच तर ‘काही सुचत नाही’ एवढ्यावर थांबू नकोस. ‘सॉर्ट करून आणि न करता असे दोन मार्ग दिसतायत, दुसऱ्यात फायदा आहे का ते मला ठरवता येत नाही’ असं विचारलंस तर त्याला नेमकी मदत करता येते, आणि तू कुठवर पोचली होतीस तेही त्याला कळतं.

दोन बारीक गोष्टी. प्रश्न आधी सोडवलेला असेल तर तसं सांगून टाक. पाठ उत्तर पहिल्यांदाच सुचल्याचा आव सहसा लपत नाही. आणि एखाद्या फंक्शनचं नाव आठवेना तर डॉक्युमेंटेशन उघडण्याआधी ‘बघू का?’ म्हणून विचार.

सरावासाठी मैत्रिणीला नॅव्हिगेटर बनव आणि तिला तीनच कामं दे: दोन मिनिटं गप्प गेली की ‘काय विचार चाललाय?’ विचारणं, मधे एक हिंट देणं, आणि शेवटी तुझा कोड मोडेल असं एक उदाहरण देणं. मैत्रीण मिळाली नाही तर फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग कर आणि स्क्रीन न बघता फक्त आवाज ऐक. आवाजावरून तू काय ठरवलंस हे कळत नसेल, तर राउंडमध्येही ते कळणार नाही. राउंड इंग्रजीत होणार असेल तर ‘दोन मिनिटं विचार करू का’ आणि ‘हे जुळत नाही, हाताने चालवून बघते’ ही वाक्यं आधीच इंग्रजीत तोंडात बसव, कारण अडकल्यावर शब्द शोधायला डोकं मोकळं नसतं. सुरुवात त्याच स्लॉटच्या प्रश्नाने कर, आणि मैत्रिणीला सांगून ठेव की मधे कुठेतरी एकाच्या पोटात दुसरा स्लॉट घालायचा.