पहिल्या गेममधला बॉस: मार कुठून आला तेच कळत नाही

प्रश्न: पुण्यात सेकंड इयरला आहे, पहिला ॲक्शन गेम बनवतोय. मित्र म्हणतात बॉस अनफेअर आहे, मार कुठून आला कळत नाही. काय करू?

उत्तर: डॅमेज कमी करू नकोस, आधी वाइंडअप, म्हणजे वार करण्याआधीची तयारीची हालचाल, बघ. नुसतं काहीतरी दिसून बटण दाबायलाच पाव सेकंद जातो, त्यात डावीकडे पळू की उडी मारू हे ठरवायचं म्हणजे आणखी वेळ, त्यामुळे पहिल्या बॉसला हातोडा उचलून ०.७ सेकंद, म्हणजे ६० एफपीएसला साधारण ४२ फ्रेम, थांबव आणि मग वार ५-६ फ्रेममध्ये झटकन खाली आण, हिटबॉक्स, म्हणजे ज्याला लागलं की मार बसतो तो भाग, तोही तेवढ्याच फ्रेमना चालू. आणि वार सुटायच्या १२-१५ फ्रेम आधी बॉसचं प्लेअरकडे वळणं बंद कर, नाहीतर वेळेवर डॉज केलेल्यालाही लागतं, बहुतेक शिव्या याच्याच असतात.

फेज दोनच पुरे. अर्ध्या हेल्थला बॉस दीडेक सेकंद डरकाळी फोडतो, रंग बदलतो, तेवढ्यात कुणालाच डॅमेज नाही. नंतर एकच नवा अटॅक दे, जुन्यांची पोझ तीच ठेव.

मग कोथरूडच्या एखाद्या मित्राला खेळायला बसव, तू गप्प. मेला की विचार, कशाने मेलास? सांगता नाही आलं तर वेगवेगळ्या अटॅकच्या पोझ एकसारख्या दिसतायत.