जॉइंटली नॉर्मल जोडी: X कळल्यावर Y चं वितरण, वर्गपूर्तीची झटापट न करता

> X आणि Y जॉइंटली नॉर्मल आहेत. X = x दिलं असताना Y चं वितरण काढायचंय. जॉइंट डेन्सिटीला X च्या डेन्सिटीने भागत बसलो तर दोन पानं भरतात आणि शेवटी वर्गपूर्ती जुळत नाही. दुसरी वाट आहे का?

आहे. भागाकार बाजूला ठेवा. Y मध्ये X चा जेवढा अंश आहे तेवढा वजा करा आणि मागे काय उरतं ते बघा.

Z = Y − bX असं धरा. b अजून आपल्या हातात आहे. Cov(X, Z) = Cov(X, Y) − b·Var(X), हे शून्य व्हायला हवं असेल तर b = Cov(X, Y)/Var(X), म्हणजेच b = ρσy/σx. आता सगळी मदार ज्यावर आहे ती पायरी. (X, Z) ही जोडी (X, Y) वरून रेषीय रूपांतराने मिळाली, म्हणून तीही जॉइंटली नॉर्मल. अशा जोडीत कोव्हेरियन्स शून्य असला की घातांकातलं मिश्र पद गळून पडतं आणि डेन्सिटी दोन गुणकांत सुटते. म्हणून X आणि Z नुसते असहसंबंधित नाहीत, स्वतंत्र आहेत.

मग Y = bX + Z. X = x कळलं की bx हा साधा आकडा झाला, आणि Z ला त्याचा पत्ताही नाही, त्याचं वितरण होतं तेच राहतं. म्हणजे Y चं सशर्त वितरण म्हणजे bx ने सरकवलेला Z. नॉर्मलच. Z ची सरासरी μy − bμx, आणि व्हेरियन्स σy² − 2b·Cov(X, Y) + b²σx². यात b ची किंमत घातली की:

```
सरासरी   = μy + ρ(σy/σx)(x − μx)
व्हेरियन्स = σy²(1 − ρ²)
```

वर्गपूर्तीचाच आग्रह असेल तर u = (x − μx)/σx आणि v = (y − μy)/σy आधी घ्या. ते न करता थेट x, y घेऊन बसलात म्हणूनच पानं भरली असणार. v² − 2ρuv + u² = (v − ρu)² + (1 − ρ²)u², आणि −2(1 − ρ²) ने भागल्यावर दुसरं पद −u²/2 होतं. ती X ची स्वतःची डेन्सिटी, भागाकारात उडून जाते.

एक उदाहरण आकड्यांत बघू. हा प्रश्न उंचीच्या आनुवंशिकतेतूनच आला. गॉल्टनने तो आनुवंशिकतेचा उल्लेख काढून टाकून केंब्रिजचे गणिती हॅमिल्टन डिक्सन यांच्याकडे पाठवला, आणि त्यांची उकल १८८६ साली गॉल्टनच्या निबंधाला जोडून छापली गेली. पुढे पिअरसन आणि ली यांनी बाप-लेकांच्या उंच्या जमवल्या. त्यांचे आकडे ढोबळ करून घेतो: बापांची सरासरी ६८ इंच, मुलांची ६९, दोन्हींचं प्रमाण विचलन २.७, सहसंबंध ०.५.

बाप ७२ इंच असेल तर मुलाची सशर्त सरासरी ६९ + ०.५ × ४ = ७१. प्रमाण विचलन २.७ × √०.७५, म्हणजे सुमारे २.३४. मुलगा बापापेक्षा उंच निघायची शक्यता? ७२ हे सरासरीच्या १/२.३४ ≈ ०.४३ विचलनं वर, म्हणजे साधारण ३३ टक्के. हेच आलेखावर बघा: ७२ वर उभी अरुंद पट्टी आखली तर तिच्यातले ठिपके ७१ भोवती जमतात. लंबवर्तुळाचा मोठा अक्ष मात्र तिथे ७३ वरून जातो. डोळा अक्षाकडे ओढला जातो, आणि तिथेच चूक होते. सशर्त सरासरीची रेषा लंबवर्तुळाच्या सर्वांत डावीकडच्या आणि उजवीकडच्या टोकांतून जाते, जिथे उभी स्पर्शिका टेकते.

आता उलटं विचारा: मुलगा ७१ असेल तर बाप सरासरी किती? ७२ नाही. ६८ + ०.५ × २ = ६९. दोन वेगळ्या रेषा आहेत. समीकरण फिरवून x सोडवू नका. X आणि Y च्या भूमिका बदलून सूत्र नव्याने लावा. परीक्षेत मीही एकदा इथेच आपटलोय.

उत्तर तपासायची सोपी खूण: सशर्त व्हेरियन्समध्ये x दिसायलाच नको. दिसला तर बीजगणितात कुठेतरी पाय घसरलाय. ρ = ±१ असताना जॉइंट डेन्सिटी अस्तित्वातच नसते, भागाकाराची वाट तिथे बंद होते. Z ची वाट चालू राहते, व्हेरियन्स शून्य येतो एवढंच.

आणि "X नॉर्मल, Y नॉर्मल" एवढ्यावर हे चालत नाही. X प्रमाण नॉर्मल घ्या, नाणं उडवा, छापा आला तर Y = X, काटा आला तर Y = −X. Y सुद्धा प्रमाण नॉर्मलच आहे आणि कोव्हेरियन्स शून्य. सूत्र म्हणेल X = २ कळूनही Y प्रमाण नॉर्मलच राहतो. प्रत्यक्षात तो २ किंवा −२, तिसरं काही नाही. X + Y चं वितरण बघितलं की कळतं: अर्ध्या वेळा ते नेमकं शून्य येतं, आणि जॉइंटली नॉर्मल जोडीची बेरीज असं कधीच वागत नाही.