सिंक घेताना चुंबकावर विसंबू नका

दुकानदार चुंबक लावून दाखवेल आणि म्हणेल, "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच." यावर विश्वास ठेवू नका. २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल ३०४चं सिंक दाबून घडवताना कोपऱ्यांशी थोडं चिकटू लागतं.

फरक आहे निकेलचा. ३०४मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घालतात. म्हणून ते स्वस्त पडतं, पण गंजाला लवकर बळी पडतं. माझं पहिलं सिंक तसलंच होतं. वर्षभरात जाळीच्या कडेला तपकिरी ठिपके आले, घासले की जायचे आणि आठवड्यात परत दिसायचे. तपासायचंच असेल तर बॅटरी जोडून वापरायचं टेस्टिंग लिक्विड मिळतं. थेंब लाल झाला तर मँगनीज जास्त, म्हणजे २०० मालिकेचा पत्रा. बिलावर ग्रेड लिहून घ्याच.

पोचे पडणं मात्र मुख्यतः जाडीवर अवलंबून असतं. निदान १ मिमी पत्रा मागा. कुकर आपटणाऱ्या घरात १.२ मिमी जास्त बरा. ३१६ ग्रेड खारं पाणी जास्त सोसते, पण घरगुती सिंकसाठी तेवढा खर्च मला सहसा पटत नाही.

आणि टॉयलेट क्लीनरचं ॲसिड किंवा ब्लीच सिंकमध्ये साचू देऊ नका. त्यातल्या क्लोराइडमुळे ३०४लाही बारीक खड्डे पडतात.