ठरलेल्या तारखेच्या आत दुकानातला सगळा माल कसा काढावा?

प्रश्न: अमळनेरला आमचं साडी-ड्रेसचं दुकान आहे. ३१ मेला गाळा खाली करून द्यायचाय, हातात आठ आठवडे आहेत. सेल कसा लावू? सुरुवातीलाच ५० टक्के सूट टाकू का?

उत्तर:

५० टक्क्यांनी सुरुवात करू नका, २० टक्क्यांनी करा. पारोळ्याचं आमचं दुकान तीन वर्षांपूर्वी असंच मेअखेर बंद केलं, त्यात जे चुकलं तेही सांगते.

बॅनर लावण्याआधी उधारीची वही घेऊन बसा. दुकान बंद होतंय हे गावात पसरलं की उधारीवाला त्या रस्त्याने जायचंच सोडतो. आम्ही बॅनर आधी लावला, वसुलीला नंतर निघालो आणि चाळीसेक हजार अडकले. त्यातले निम्मे अजून आले नाहीत. सुरतच्या व्यापाऱ्यालाही तुम्हीच फोन करा, त्याला बाहेरून कळू देऊ नका. न फोडलेले गठ्ठे बाकीत वळते करून परत घेतोस का, हे तेव्हाच विचारा.

मग एका रात्री शटर खाली ओढून एकूण एक नग मोजा. आमचे १४०० निघाले. त्यावरून ठरवलं की दुसऱ्या आठवड्याअखेर १०५०, चौथ्याअखेर ६५० आणि सहाव्याअखेर २५० उरले पाहिजेत. दर रविवारी रात्री पुन्हा मोजायचं. आकड्याच्या मागे असलो तर सोमवारी सकाळी सूट वाढवायची, नसलो तर आहे तीच ठेवायची.

माझी चूक इथेच झाली. पहिल्या दोन आठवड्यांत अखाजी होती. माहेरी आलेल्या लेकींसाठी लोक काठपदराच्या साड्या २० टक्क्यांतही आनंदाने नेत होते. गल्ला भरलेला दिसायचा, म्हणून मी निश्चिंत राहिले. पण उरले होते ११८० नग. महागाच्या साड्या गेल्या होत्या, कुर्ते आणि लेगिंग्ज जागच्या जागीच होत्या. तरी मी आणखी दोन आठवडे २० टक्क्यांवरच थांबले आणि चौथ्याअखेर ८८० उरले. म्हणून म्हणते, गल्ला पाहू नका, नग मोजा. आणि साड्या वेगळ्या, ड्रेस वेगळे मोजा. साड्या वेळेत निघत असतील तर त्यांची सूट वाढवायची काहीच गरज नाही.

सूट किती वाढवायची, हे ठरवताना मन खरेदीच्या भावाला चिकटतं. आमचा १००० रुपये लेबलचा ड्रेस खरेदीत ६५० चा होता. ३५ टक्क्यांवर खरेदी निघत होती, ५० टक्क्यांवर नगामागे १५० जात होते, म्हणून हात आखडायचा. पण शेवटी उरलेला माल एकगठ्ठा उचलणारा लॉटवाला तोच ड्रेस २०० ला मागतो. त्याच्यापुढे ५०० म्हणजे अडीचपट. पहिल्याच आठवड्यात दोन लॉटवाल्यांना माल दाखवून त्यांचा भाव लिहून ठेवा. पाचव्या आठवड्यापासून गिऱ्हाईक देईल तो भाव त्या भावाशी ताडून पाहा, खरेदीशी नको.

सगळ्यात जास्त अडतो तो तुटक साइजचा माल. एका डिझाइनमध्ये फक्त एस आणि डबल एक्सएल उरतात. बाई डिझाइन पसंत करते, साइज मागते, ती नसते, आणि ती तशीच निघून जाते. सहाव्या आठवड्यात माझ्या भाचीने डिझाइनच्या थप्प्या मोडल्या आणि साइजप्रमाणे स्टँड लावले. प्रत्येकावर पुठ्ठा टांगला, ‘एक्सएल, कोणताही ३५०’. त्या शनिवार-रविवारी १४० कुर्ते गेले. हे तुम्ही चौथ्या आठवड्यातच करा.

चांगला माल सगळा एकदम मांडू नका. दर आठवड्याला त्यातला थोडा बाहेर काढा, नाहीतर शेवटी फक्त जुना माल दिसतो आणि लोक दारातून परत जातात. सेलच्या नावाखाली नवीन हलका माल मात्र आणू नका. काही जण सुचवतील, पण गावातल्या बायका लेबल ओळखतात.

आमच्याकडे शेवटी १९० नग उरले आणि नगामागे साधारण १८० रुपयांनी लॉटमध्ये गेले. लॉटवाल्याला २९ तारखेला बोलवा, ३१ ला नाही. गाळा खाली करायचाय हे त्याला माहीत असतं, शेवटच्या दिवशी तो भाव पाडतो. रॅक, काउंटर, पुतळे यांची गिऱ्हाइकं मात्र आत्ताच ठरवून अर्धे पैसे घ्या, ताबा ३० ला द्या.

जीएसटीत कंपोझिशनमध्ये नसाल तर माल पडून असताना नोंदणी रद्द करू नका, उरलेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट परत भरावं लागतं. फुकट वाटलेल्या मालालाही तेच लागू होतं. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न, जीएसटीआर-१०, भरायचं असतं. सीएला लॉटचं बिलही दाखवा.